सिलिंडर कधी संपेल? जोडणीच्या तारखांवरून अंदाज

निळी ज्योत · १८ जून २०२५
घरात चार माणसं, १४.२ किलोचा एकच सिलिंडर, दुसरा नाही. बुकिंग केल्यापासून साधारण चार दिवसांनी गाडी येते. वर्षभर कालनिर्णयवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली आहे. त्यावरून पुढचा कधी संपेल आणि बुकिंग कधी करायचं हे ठरवायचं आहे. तारखा अशा:

१० जुलै २०२४, २३ ऑगस्ट, ३ ऑक्टोबर, ३ नोव्हेंबर, १६ डिसेंबर, २२ जानेवारी २०२५, ३ मार्च, १७ एप्रिल, १४ जून.

सरासरी काढली की झालं, की आणखी काही बघावं लागतं?

पाटावरवंटा
सोपं आहे. १० जुलै ते १४ जून म्हणजे ३३९ दिवस. सिलिंडर नऊ. ३३९ भागिले ९, म्हणजे पावणेअडतीस दिवस. १४ जूनच्या पुढे तेवढे दिवस मोजले की २१-२२ जुलै येते.

तागडी
पाटावरवंटा, भागाकार बरोबर आहे, पण भाजक चुकला. नववा सिलिंडर १४ जूनला लागला, तो अजून जळतो आहे. ३३९ दिवसांत संपले ते आठच. ३३९ भागिले ८ म्हणजे ४२ दिवस आणि थोडं वर. तारखा मोजायच्या नसतात, दोन तारखांमधली अंतरं मोजायची असतात. या एका चुकीने अंदाज पावणेपाच दिवसांनी अलीकडे आला.

निळी ज्योत, तुमची अंतरं मी काढली: ४४, ४१, ३१, ४३, ३७, ४०, ४५, ५८. सरासरी ४२ येते, पण ३१ आणि ५८ यांनी एकमेकांना झाकलं म्हणून ती बरी दिसते. यातला एक आकडा गळला असता तर सरासरी साधारण दोन दिवसांनी हलली असती. म्हणून आधी तीन गोष्टी सांगा. एप्रिल ते जूनमधल्या ५८ दिवसांत घर बंद होतं का? दिवाळीच्या ३१ दिवसांत पाहुणे होते का? आणि सर्वांत महत्त्वाचं, जुना संपला त्याच दिवशी नवा लागला का? एकच सिलिंडर असणाऱ्यांच्या वहीत इथेच घोटाळा होतो. गॅस संपून तीन दिवस गाडीची वाट पाहिली तर ते तीन दिवसही अंतरात जमा होतात, आणि सिलिंडर खरा चालला त्याहून जास्त चालला असं वाटतं.

निळी ज्योत
मे महिन्यात १५ दिवस घर बंद होतं. १७ एप्रिलच्या आधी गॅस संपला होता, तीन दिवस इंडक्शनवर काढले. बाकी वेळी त्याच दिवशी बदलला. दिवाळीत चार पाहुणे सहा दिवस होते आणि फराळ घरीच झाला.

तागडी
मग ५८ चे ४३ झाले आणि ४५ चे ४२. आता रांग लावा: ३१, ३७, ४०, ४१, ४२, ४३, ४३, ४४. दिवाळी सोडली तर सगळं ३७ ते ४४ मध्ये बसतं. घरगुती वापराला एवढी एकसारखी रांग म्हणजे नोंद चांगली ठेवली आहे. मधला आकडा साडेएक्केचाळीस. १४ जूनपासून मोजला तर २५-२६ जुलै.

सरासरीऐवजी मधला आकडा घ्या, कारण एखादं लग्नकार्य किंवा गावची फेरी त्याला हलवत नाही. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर A मध्ये तारखा, C मध्ये गॅस न जळलेले दिवस, आणि B मध्ये खरे दिवस. नऊ तारखा A2 ते A10 मध्ये येतील:

```
B3:   =A3-A2-C3
अंदाज: =A10+MEDIAN(B3:B10)
बुकिंग: =A10+SMALL(B3:B10,2)-4
```

B3 चं सूत्र B10 पर्यंत खाली ओढा. शेवटच्या ओळीत सर्वांत लहान अंतर न घेता दुसऱ्या क्रमांकाचं लहान घेतलं आहे, म्हणजे दिवाळीचे ३१ बाजूला राहतात आणि ३७ येतात. चार म्हणजे गाडी यायचे दिवस. उत्तर १७ जुलै. उत्तराच्या जागी ४५ हजारांच्या घरातला आकडा दिसला तर घाबरू नका, त्या खान्याला तारखेचं रूप दिलं की झालं.

सावडेकर
तारखा टाकताना एक जपा. शीट अमेरिकन पद्धतीवर असेल तर ३/१०/२०२४ ला ती १० मार्च समजते, आणि १६/१२/२०२४ ला तारीखच समजत नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवते. अशी तारीख खान्यात डावीकडे चिकटलेली दिसते, खरी तारीख उजवीकडे असते. अंतर उणे आलं किंवा दोनशेच्या वर गेलं तर आधी हेच तपासा. `2024-10-03` असं लिहिलं की गोंधळ होत नाही.

दुसरं, कालनिर्णयवर लिहिणं सोयीचं असलं तरी जानेवारीत जुनं रद्दीत जातं आणि वर्षाच्या नोंदीही जातात. ३१ डिसेंबरला त्या वहीत उतरवून घ्या.

मुगाची खिचडी
गॅस जास्त दिवस पुरवायचा असेल तर डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, कुकरची शिट्टी झाली की आच बारीक करा, भांड्यावर झाकण ठेवा, फ्रिजमधलं दूध लगेच गॅसवर ठेवू नका. बर्नरची भोकं महिन्याला घासा. सिलिंडर थोडे दिवस तरी जास्त जातो.

तागडी
उपाय योग्य आहेत, पण प्रश्न बचतीचा नाही, अंदाजाचा आहे. तरी तुमच्या मुद्द्याचा अंदाजाशी संबंध आहे. अशी सवय बदलली, नवी शेगडी आली, इंडक्शन घेतलं किंवा घरातलं माणूस शिकायला बाहेर गेलं, की त्याआधीच्या तारखा पुढच्या अंदाजाला फारशा कामाच्या राहत नाहीत. वहीत त्या दिवशी आडवी रेघ मारायची आणि मधला आकडा रेघेच्या खालच्याच नोंदींतून काढायचा. पहिली दोन-तीन अंतरं मिळेपर्यंत अंदाज कच्चाच राहतो, त्याला इलाज नाही.

डबल कनेक्शन
एवढं लिहायची गरज काय? कंपनीच्या ॲपमध्ये सगळ्या डिलिव्हरीच्या तारखा असतात. त्याच घ्यायच्या.

तागडी
सरासरीसाठी चालतील. वर्षभरात किती सिलिंडर आले आणि किती जळले यात फार तर एकाचा फरक पडतो. पण आज शेगडीखालचा सिलिंडर किती भरला आहे ते त्या तारखा सांगत नाहीत. तुमच्याकडे दोन आहेत, म्हणजे आलेला सिलिंडर महिनाभर कोपऱ्यात भरलेला उभा राहतो. डिलिव्हरीची तारीख ही त्याच्या जळण्याची सुरुवात नव्हे.

आणि खरं सांगायचं तर दोन सिलिंडर असणाऱ्याला हा हिशेब करायचीच गरज नाही. दुसरा लावला त्याच दिवशी बुकिंग करायचं, पुढचे चाळीस दिवस हातात असतात. अडचण एकच सिलिंडर असणाऱ्याची आहे. त्याला गाडी आली की जुना सिलिंडर परत द्यावा लागतो, आणि त्यात उरलेला गॅसही जातो. उशीर झाला तर चूल बंद, लवकर केलं तर गॅस फुकट. मी वर १७ जुलै सांगितली ती चूल बंद पडू नये म्हणून. गाडी २१ ला आली आणि गॅस खरं तर २६ पर्यंत पुरणार होता, तर पाच दिवसांचा गॅस परत जाईल. १४.२ किलो भागिले ४२, म्हणजे रोजचे ३३८ ग्रॅम. पाच दिवसांचे जवळजवळ १७०० ग्रॅम. दरवेळी एवढं घालवणं योग्य नाही.

म्हणून तारखांवरून फक्त एवढंच ठरवा की वजन कधी करायचं. तिसाव्या दिवशी एकदा वजन करा, बुकिंगचा दिवस त्यावरून पक्का होईल.

पाटावरवंटा
वजन कशाला, ओलं फडकं फिरवा. जिथपर्यंत ओल टिकते तिथपर्यंत गॅस.

तागडी
ते खरं आहे, पण अर्धं. खालचा द्रव गॅस पत्र्याची उष्णता ओढून घेतो, म्हणून तिथली ओल हळू वाळते आणि वरचा भाग आधी कोरडा होतो. रेघ खरंच दिसते. पण सिलिंडर तळाशी गोल आहे, त्यामुळे उंची अर्धी म्हणजे गॅस अर्धा असं होत नाही. शेवटच्या पाचव्या हिश्शात, जिथे आपल्याला नेमकं कळायला हवं, तिथे रेघ गोलाईत शिरते आणि तीन दिवस उरलेत की आठ ते सांगता येत नाही. अर्धा आहे की तळाला आला, एवढंच तिच्यावरून समजतं.

ज्योत पिवळी झाली म्हणजे गॅस संपत आला, असंही लोक धरतात. बहुतेक वेळा ती बर्नरची भोकं बुजल्याने किंवा हवा कमी मिळाल्याने पिवळी होते. तीवरून तारीख काढू नका. आणि शेवटचा गॅस निघावा म्हणून सिलिंडर आडवा किंवा उलटा कोणी करू नका. द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत एकदम भडकते.

निळी ज्योत
वजन नेमकं कसं करायचं? घरी बाथरूममध्ये ठेवतात तसा डिजिटल काटा आहे.

तागडी
पुरेसा आहे. आधी त्याची खात्री करा. १० किलोचं सीलबंद तांदळाचं पोतं ठेवून बघा, पिशवीचं वजन धरून १० च्या किंचित वर दाखवायला हवा. दोन पोती ठेवून २० वर बघितलं तर आणखी चांगलं.

शेगडी बंद करा, रेग्युलेटर बंद करून काढा, तोंडावर दोरीची टोपी बसवा. सिलिंडर काट्यावर थेट ठेवला तर आकडा त्याच्याखाली झाकला जातो. म्हणून काट्यावर लाकडी पाट ठेवा, पाटासकट काटा शून्यावर आणा आणि मग सिलिंडर चढवा. शून्यावर येत नसेल तर पाटाचं वजन वेगळं घेऊन वजा करा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर आकडा चुकतो.

आता वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्ट्या बघा. एकीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन असतं, १५ किंवा १६ किलो आणि पुढे दशांश. प्रत्येक सिलिंडरचं वेगळं, म्हणून मागच्या वेळचं वापरू नका. दुसऱ्या पट्टीवर इंग्रजी A, B, C, D यांपैकी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ती चाचणीची मुदत. वजन म्हणून चुकून ते वाचू नका.

दोन वाट्या
आमच्याकडे फक्त दोन वयस्कर माणसं. सिलिंडर ८० ते ९० दिवस जातो. तुमच्या पद्धतीने वर्षाला चारच अंतरं मिळतात. त्यातलं एक थंडीचं, एक पावसाळ्याचं. मधला आकडा काढायचा कशाचा?

तागडी
तुमच्या बाबतीत तारखांवरून फार काही निघणार नाही. चार आकडे आणि प्रत्येक वेगळ्या ऋतूतला, म्हणजे एकमेकांशी ताडून बघण्यासारखे नाहीत. लावल्यावर तिसाव्या आणि साठाव्या दिवशी वजन करा. एका सिलिंडरमध्येच दोन मोजमापं मिळतील, शिवाय ती चालू ऋतूतली असतील.

ऋतूचा फरक खराच असतो. निळी ज्योत यांच्याकडे १६ डिसेंबर ते २२ जानेवारी ३७ दिवस, म्हणजे रोज ३८४ ग्रॅम. नेहमीपेक्षा ४६ जास्त. दहा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला शेगडीवर साधारण तेवढाच गॅस लागतो. थंडीत रोज एक पातेलं आंघोळीचं पाणी गॅसवर ठेवलं जात असेल तर हा आकडा जुळतो.

निळी ज्योत
हो, गिझर आहे पण सकाळी वीज गेली की पाणी गॅसवर तापतं. डिसेंबर-जानेवारीत हे बऱ्याचदा झालं.

सावडेकर
मग हिवाळ्याचा मधला आकडा वेगळा ठेवावा, असं माझं मत आहे. सगळं एकत्र केलं तर डिसेंबरमध्ये पाच दिवसांनी फसाल.

तागडी
एकाच हिवाळ्याचा एकच आकडा आहे, त्यावर वेगळा नियम उभा करायला मन धजत नाही. अजून दोन हिवाळे जाऊ देत. तोवर दुसरं लहान अंतर धरलं की ती काळजी आपोआप घेतली जाते.

शेवंतीची वेणी
या हिशेबावरून सिलिंडरमध्ये गॅस कमी भरून आला किंवा गळती आहे हे कळेल का?

तागडी
कमी भरला असेल तर नाही. एक किलो कमी आला तर तीन दिवस आधी संपेल, आणि तुमची अंतरं एरवीही तीन-चार दिवसांनी पुढेमागे होतात. त्यात तो फरक लपून जातो. म्हणून तो डिलिव्हरीच्या वेळीच पकडायचा. आणणाऱ्याकडे काटा असायला हवा, त्यावर वजन करून घ्या, पट्टीवरचं वजन वजा करा, १४.२ च्या जवळ यायला हवं. तोंडाचं सीलही तेव्हाच बघा.

गळतीचं तसं नाही. पाहुणे नाहीत, सण नाही, आणि ४२ चे एकदम ३० झाले, तर वही बाजूला ठेवून आधी साबणाचं पाणी घ्या. रेग्युलेटरचा सांधा, नळीची दोन्ही टोकं आणि शेगडीचे कॉक यांवर लावा, बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून बघू नका. नळीवरची तारीख वाचा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. वास येत असेल तर तपासत बसू नका. आच विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

चकलीचा सोऱ्या
तेलाला हेच लावता येईल का? आम्ही कधी एक लिटरच्या पिशव्या आणतो, कधी पाच लिटरचा डबा.

तागडी
दिवसांची अंतरं इथे चालणार नाहीत, कारण दरवेळी आणलेलं माप वेगळं. रोजचा वापर काढा. समजा १ तारखेला ५ लिटर, ३१ ला १ लिटर, ३७ व्या दिवशी ५ लिटर, आणि दरवेळी आधीचं संपत आल्यावरच आणलं. तर ३६ दिवसांत ६ लिटर लागलं, रोजचे १६७ मिली. शेवटचे ५ लिटर बेरजेत घेऊ नका, ते अजून डब्यात आहे. पाटावरवंटांच्या हिशेबात झाली तीच चूक इथे जास्त महागात पडते, रोजचा वापर जवळजवळ दुप्पट दिसतो.

आणि सवलत दिसली म्हणून अर्धा डबा शिल्लक असताना आणलं असेल, तर त्या दिवशी किती शिल्लक होतं तेही लिहावं लागेल. गॅसला ही भानगड नाही, तो बहुतेक संपल्यावरच बदलतो. म्हणून गॅसच्या तारखा घरातल्या सगळ्या नोंदींत जास्त भरवशाच्या.

निळी ज्योत · १४ जुलै २०२५
आज तिसावा दिवस. काट्याची खात्री केली, १० किलोच्या पोत्याला १०.१ दाखवतो. सिलिंडर पाट वजा करून २०.२ किलो. पट्टीवर १५.८.

तागडी
म्हणजे ४.४ किलो शिल्लक, ९.८ किलो जळला. रोजचे ३२७ ग्रॅम. ४.४ किलोला १३ दिवस, म्हणजे २७ जुलै. तारखांवरून २५-२६ आली होती, दोन्ही जुळतात.

२२ ला बुकिंग करा, गाडी २६ च्या आसपास येईल. १७ ला केलं असतं तर जवळपास दोन किलो गॅस परत गेला असता. काटा १०० ग्रॅम चुकत असला तरी त्याने अर्ध्या दिवसाचाही फरक पडत नाही. सुरुवातीला १४.२ पूर्ण होता हे आपण गृहीत धरलं आहे, पण तो २०० ग्रॅम कमी असता तरी तारीख फार तर एका दिवसाने हलेल, कारण शिल्लक गॅस आज मोजलेला आहे.

निळी ज्योत
त्याच्या पुढचा सिलिंडर गणपतीत येईल. २७ ऑगस्टला चतुर्थी, पाच जण पाच दिवस राहायला येणार आहेत. तो कसा धरू?

तागडी
२७ जुलैला लावला तर नेहमीप्रमाणे ७ सप्टेंबरपर्यंत जाईल. चार माणसांना रोज ३३८ ग्रॅम, म्हणजे माणशी ८५. पाच जण पाच दिवस म्हणजे पंचवीस माणसांचा एक दिवस, सव्वादोन किलोच्या जरा आत. त्याला सहा दिवस वजा केले की १ सप्टेंबर. दिवाळीलाही हाच हिशेब लावून बघितला. ३१ दिवसांचे नेहमीचे साडेदहा किलो, चार पाहुण्यांचे सहा दिवस म्हणजे दोन किलो, उरलेले १७०० ग्रॅम फराळाच्या तळणीत गेले असं धरलं तर पटतं.

मुगाची खिचडी
माणशी हिशेब मला पटत नाही. चार जणांचा कुकर आणि नऊ जणांचा कुकर यांना दुप्पट गॅस लागत नाही. चहाचंही तेच. पोळ्या मात्र माणसागणिक वाढतात. पाहुण्यांचा गॅस निम्माच धरा, तीन दिवस वजा करा, ४ सप्टेंबर.

तागडी
कुकरचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण गणपतीत मोदकांची उकड, नैवेद्याचं वेगळं, दिवसभर चहा, हे रोजच्या स्वयंपाकात नसतं. तुमचं निम्मं आणि माझं पूर्ण, यांतलं कुठलं जवळचं हे दिवाळीच्या एका आकड्यावरून ठरत नाही, कारण तिथे फराळाचा वाटा मी उरला तो धरला आहे. निळी ज्योत, २६ ऑगस्टला संध्याकाळी आणि पाहुणे गेले त्या दिवशी, दोनदा वजन करा आणि इथे टाका.

निळी ज्योत
करते. नवा सिलिंडर आला की त्याच्या पट्टीवरचं वजनही त्याच दिवशी लिहून ठेवते.